वेबसाइटची सूत्रं दुसऱ्याच्या हाती देताना

छोट्या संस्थेची वेबसाइट बहुधा एकच माणूस सांभाळतो. कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणारा कुणी कार्यकर्ता ती उभी करतो, पाच-सात वर्षं चालवतो आणि मग नोकरीनिमित्त त्याचं गाव सुटतं. जाताना तो नव्या कार्यकर्त्याच्या हातात पासवर्डांची चिठ्ठी ठेवतो. एवढ्यानं भागत नाही.

तालुक्याच्या गावातलं एखादं वाचनालय घेऊ. त्याच्या वेबसाइटचं नाव example.org आहे असं धरू. हे नाव ज्या कंपनीकडे नोंदवलंय आणि जिला त्याचे दरवर्षी पैसे जातात, ती रजिस्ट्रार. त्या नावावर येणाऱ्याला कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचं, संस्थेची ईमेल कुठे पोचवायची, या नोंदी डीएनएसमध्ये असतात. ही दोन कामं एकाच कंपनीकडे असतील असं नाही, आणि नवा माणूस हमखास इथेच फसतो. जुन्या कार्यकर्त्यानं मधे कधीतरी डीएनएस दुसऱ्या कंपनीकडे नेलेलं असतं, पण रजिस्ट्रारच्या पानावर जुन्या नोंदी अजून दिसतात. नवा माणूस त्या बदलतो, ‘सेव्ह झालं’ असा निरोपही येतो, आणि वेबसाइट ढिम्म हलत नाही. बदल पसरायला वेळ लागतो असं त्यानं ऐकलेलं असतं, म्हणून तो दोन दिवस वाट बघत बसतो. खरं काय ते एका ओळीत कळतं:

```
dig NS example.org +short
```

उत्तरात नेमसर्व्हरची नावं येतात आणि त्यांवरून डीएनएस कोणत्या कंपनीकडे आहे हे बहुतेक वेळा ओळखता येतं. हे उत्तर तारखेसह हस्तांतराच्या कागदात चिकटवावं.

नूतनीकरणाची तारीख सगळेच लिहितात. त्या तारखेची आठवण कुणाच्या ईमेलवर येते, हे मात्र राहून जातं. .org आणि .com सारख्या नावांसाठी आयकॅनचा नियम असा की रजिस्ट्रारनं मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत सूचना द्यायलाच हवी. वाचनालयाच्या खात्याला ईमेल दिलीय office@example.org. मुदत संपून रजिस्ट्रारनं नाव थांबवलं की त्या नावावरची ईमेलही थांबते. मग शेवटची सूचना पोचत नाही आणि पासवर्ड बदलण्याची लिंकही येत नाही. नाव रद्द झाल्यावर ३० दिवस ते सोडवून घेता येतं, पण त्याचे वेगळे आणि बरेच जास्त पैसे पडतात. पुढच्या ५ दिवसांनी ते कुणालाही विकत घेता येतं. म्हणून खात्याची ईमेल दुसऱ्या नावावरची हवी, आणि ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो तेही कागदात हवं. मालकाच्या रकान्यात संस्थेचं नाव आहे की त्या कार्यकर्त्याचं, हेही पाहून घ्यावं.

‘पैसे आपोआप कापले जातात’ या वाक्यावर मी तरी विसंबणार नाही. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हा भारतीय कार्डांवरची अनेक परदेशी कंपन्यांची वसुली बंद पडली होती. शिवाय कार्ड जुन्या कार्यकर्त्याचं स्वतःचं असेल तर प्रश्नच मिटला. .org चं नाव एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदवून ठेवता येतं. संस्थेच्या खात्यातून तीन-चार वर्षांचे पैसे भरून पावती फाइलला लावावी.

प्रमाणपत्राचं, म्हणजे पत्त्यातल्या https मागच्या कागदाचं, गणित वेगळं आहे. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र सध्या सहसा ९० दिवसांचं असतं आणि शेवटचे ३० दिवस उरले की एखादा प्रोग्राम ते नवं करून घेतो. त्यामुळे इथे तारीख लिहून उपयोग नाही. कोणता प्रोग्राम, कोणत्या सर्व्हरवर आणि कोणत्या पद्धतीनं, हे लिहायचं. काही ठिकाणी हा प्रोग्राम डीएनएसमध्ये एक तात्पुरती नोंद टाकून नावावरचा हक्क सिद्ध करतो. त्यासाठी लागणारी किल्ली जुन्या कार्यकर्त्याच्या खात्यातून काढलेली असते. तो गेला, त्याचं खातं बंद केलं, की किल्लीही मेली. त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण हातातलं प्रमाणपत्र चालूच असतं. दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी ब्राउझर लाल इशारा दाखवतो, आणि तोवर हस्तांतराशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. लेट्स एन्क्रिप्टनं आठवणीच्या ईमेल जून २०२५ मध्ये बंद केल्या, तेव्हा आपणच पाहत राहायला हवं:

```
openssl s_client -connect example.org:443 \
  -servername example.org </dev/null |
  openssl x509 -noout -enddate
```

९० दिवसांच्या प्रमाणपत्राला तीन आठवडेच उरलेले दिसले, तर नूतनीकरण अडलंय असं समजावं. हातानं प्रमाणपत्र बदलणाऱ्यांनी तर आताच सोय बदलावी, कारण १५ मार्च २०२९ पासून कोणतंही नवं प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं मिळणार नाही.

कागद तयार झाला की नव्या कार्यकर्त्यानं फक्त तो वाचून रजिस्ट्रारकडे एक वर्षाचे पैसे भरावेत, डीएनएसमध्ये एक निरुपद्रवी नोंद टाकून काढावी आणि प्रमाणपत्र नवं करून दाखवावं. जुन्यानं शेजारी बसावं, पण बोलू नये. जिथे नवा अडेल तिथे कागदात ओळ वाढवावी, आणि जुन्याचं नाव खात्यांतून त्यानंतरच काढावं.