जेवण चालते, जंतू चालत नाही: आतडे हे कसे ठरवते?

शेंगदाणा, अंडे, दूध, डाळ यांतली प्रथिने आपल्या शरीराला परकीच असतात. त्यांतली बहुतेक पचनात मोडून जातात, पण सगळी नाही. जेवणानंतर काही वेळाने न मोडलेल्या प्रथिनांचे अत्यल्प अंश रक्तातही सापडतात. हीच प्रथिने सुईने टोचली तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तोंडावाटे गेली तर बहुतेक माणसांत काहीच होत नाही. हे शांत राहणे आपोआप घडत नाही. आतडे ते घडवून आणते, आणि त्याच वेळी त्याच भिंतीवर जंतूंशीही झुंजत असते.

भिंत आणि तिच्यामागची यंत्रणा

आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि तो थर दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. एका बाजूला अब्जावधी जीवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये एवढीच भिंत व तिच्यावरचा चिकट श्लेष्मा. म्हणूनच शरीरातल्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी याच भिंतीच्या आत वसलेल्या आहेत. या साऱ्या व्यवस्थेला आतड्याशी निगडित लसीका ऊती म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ती ‘गाल्ट’ असते.

तिचा सर्वांत ठळक भाग म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दिसणारे पेयरचे पट्टे. स्विस वैद्य योहान कोनराड पेयर यांनी १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केले. या पट्ट्यांवरच्या अस्तरात ‘एम’ पेशी असतात. त्यांच्यावर श्लेष्मा पातळ असतो आणि आतड्याच्या पोकळीतले जीवाणू, विषाणूंचे कण त्या मुद्दाम आत ओढतात. आतल्या लसीका पेशींना नमुना मिळावा म्हणून भिंतीनेच ठेवलेली ही वाट आहे. ती धोक्याचीही आहे, कारण टायफॉइडचे जंतू याच वाटेने शिरतात. टायफॉइडमध्ये उपचार लांबले तर आतड्याला छिद्र पडू शकते, ते बहुधा लहान आतड्याच्या याच शेवटच्या भागात.

स्रावी आयजीए: दाह न करणारे प्रतिपिंड

पट्ट्यात नमुना पाहिलेल्या बी पेशी तिथेच थांबत नाहीत. त्या लसीका ग्रंथींतून रक्तात जातात आणि पुन्हा आतड्याच्या भिंतीत परततात. परतीचा पत्ता त्यांच्या पृष्ठभागावरच्या रेणूंत असतो, आणि तो घडवण्यात अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा वाटा असतो. भिंतीत पोचल्यावर त्या आयजीए नावाचे प्रतिपिंड बनवू लागतात. प्रौढ माणसाच्या आतड्यात रोज काही ग्रॅम आयजीए ओतले जाते. शरीर इतर सर्व प्रतिपिंडे मिळून बनवते त्यापेक्षाही आयजीए जास्त बनवते.

इथे आयजीएचे दोन रेणू एका छोट्या साखळीने जोडलेले असतात. अस्तराच्या पेशीच्या तळाशी असलेला ग्राहक ही जोडी पकडतो, पेशीतून पार नेतो आणि पोकळीत सोडताना स्वतःचा एक तुकडा तिच्याभोवती ठेवून देतो. त्या तुकड्यामुळे पाचक रसांत ते प्रतिपिंड सहज मोडत नाही. या रूपाला स्रावी आयजीए म्हणतात.

ते जंतूला मारत नाही. ते जंतूला चिकटून त्याला अस्तराजवळ येऊ देत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की आयजीएने वेढलेला साल्मोनेला जीवाणू दुभंगला की पिल्ले सुटी होत नाहीत, एकमेकांना चिकटूनच वाढतात आणि गठ्ठ्याने शौचावाटे बाहेर पडतात. रक्तातली काही प्रतिपिंडे जंतूला चिकटताच दाह सुरू करतात, आयजीए तसे फारसे करत नाही. एका थराच्या भिंतीला रोजचा दाह परवडणारा नसतो. मला या व्यवस्थेत सर्वांत विलक्षण वाटते ती ही संयमाची बाजू.

आईच्या आतड्यात तयार झालेल्या काही बी पेशी स्तनांतही जाऊन वसतात. त्यामुळे घरातल्या ज्या जंतूंशी आईची गाठ पडली, त्यांच्याविरुद्धचे आयजीए बाळाला दुधातून, विशेषतः पहिल्या चीकदुधातून मिळते.

अन्नाला ‘चालेल’ कोण म्हणते?

१९११ मध्ये गिडियन वेल्स यांनी गिनीपिगांवर दाखवले, की जे प्रथिन आहारात आधीपासून आहे ते नंतर टोचले तरी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येत नाही. याला तोंडावाटे येणारी सहिष्णुता म्हणतात.

अन्नाचे अंश मुख्यतः पट्ट्यांबाहेरच्या अस्तरातून आत येतात. तिथल्या डेंड्रायटिक पेशी ते उचलतात आणि आतड्याच्या पडद्यातल्या लसीका ग्रंथींपर्यंत नेतात. तिथे त्या टी पेशींना ते प्रथिन दाखवतात, सोबत रेटिनॉइक आम्ल आणि टीजीएफ-बीटा यांचे संकेत देतात. या संकेतांखाली टी पेशी लढाऊ न होता नियामक होतात. त्या आतड्यात परततात आणि त्या प्रथिनाविरुद्ध उठणारी प्रतिक्रिया दाबून धरतात. आजूबाजूला दाह असेल तर तेच प्रथिन वेगळ्या संकेतांसह दाखवले जाऊ शकते. उंदरांत एका साध्या, लक्षणेही न देणाऱ्या रिओव्हायरसच्या संसर्गाने ही सहिष्णुता मोडल्याचे दिसले आहे.

शेंगदाण्याचा धडा

२००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. पण लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाला आढळले, की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांपेक्षा सुमारे दहापट आहे. इस्रायलमध्ये बाळे पहिल्याच वर्षी शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खात होती.

मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे घेतली. निम्म्यांना आठवड्याला किमान ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन तीन वा अधिक जेवणांत विभागून दिले, उरलेल्यांना शेंगदाणा वर्ज्य. पाच वर्षांच्या वयात ॲलर्जी वर्ज्य केलेल्या गटात १७.२ टक्के, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के निघाली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

लॅक यांचे स्पष्टीकरण असे, की आतड्याआधी इसबाच्या फुटक्या त्वचेतून प्रथिन शिरले तर शरीर त्याच्याविरुद्ध तयार होते. शेंगदाणा-तेल असलेली मलमे दाह झालेल्या त्वचेवर लावल्याचा आणि पुढच्या ॲलर्जीचा संबंध त्यांच्याच गटाने २००३ मध्ये दाखवला होता. म्हणजे खाणे टाळल्याने सहिष्णुता शिकवणारी वाट बंद झाली, त्वचेची मात्र उघडी राहिली.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. त्वचा-चाचणीत ज्यांना मोठी गांध उठली ती बाळे आधीच वगळली होती. तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिला घास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावा. अख्खा दाणा तर कोणत्याच बाळाला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. पातळ केलेले शेंगदाण्याचे लोणी किंवा बारीक कूट मऊ भातात मिसळून द्यावे.

गहू नडतो तेव्हा

सिलियॅक आजारात ही सहिष्णुता गव्हातल्या ग्लुटेनपुरती मोडते. विशिष्ट जनुकीय वारसा असलेल्यांतच हे घडते. टी पेशी अस्तरावर उलटतात, लहान आतड्याचे केसासारखे उंचवटे झिजतात. जुलाब, पोट फुगणे, लोहाच्या गोळ्यांनीही न भरणारा रक्तक्षय, मुलाची खुंटलेली उंची यांतून तो ओळखू येतो.

रक्तचाचणीत आतड्यातल्या एका एन्झाइमविरुद्धचे आयजीए शोधतात. पण काही माणसांच्या शरीरात आयजीए जवळजवळ बनतच नाही. त्यांतले बहुतेक ठणठणीत असतात, कारण त्याच ग्राहकावाटे आयजीएम पोकळीत जाऊन त्याची जागा काही अंशी भरून काढते. सिलियॅक मात्र अशा माणसांत इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि नेमकी त्यांचीच चाचणी खोटी नकारात्मक येते. म्हणून एकूण आयजीए सोबत मोजावे लागते आणि ते कमी असल्यास आयजीजी प्रकारची चाचणी करावी लागते. रक्त देण्याआधीच गहू सोडला तर प्रतिपिंडे उतरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो. त्यामुळे निदान होईपर्यंत पोळी चालू ठेवायची असते.