आतडं खरंच अरुंद झालंय का?

बावीस वर्षांचा मुलगा तपासणीला आला होता. वर्षभर जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने उजव्या बाजूला ओटीपोटात पीळ पडायचा. जुलाब चालू होते आणि वजन सात किलोने उतरलं होतं. फाइलमध्ये आधीचे दोन सीटी स्कॅन होते. आईने पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, पुन्हा तेच रेडिएशन का हो?"

प्रश्न रास्त होता. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा. एका स्कॅनने घाबरून जाण्याचं कारण नाही. पण संशय होता क्रोन्सचा. न्यूयॉर्कमध्ये 1932 साली डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेला हा आतड्याच्या दाहाचा आजार तरुणपणी सुरू होतो, शमतो, पुन्हा उफाळतो. दर उफाळ्याला सीटी करायचं म्हटलं, तर बावीसाव्या वर्षापासून हिशेब फार लांब जातो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून त्याची एमआर एन्टेरोग्राफी ठरली.

या तपासणीचं निम्मं यश मशीनबाहेर ठरतं. सहा तास उपाशी राहायचं आणि मग मॅनिटॉल घातलेलं गोडसर पाणी पाऊण तासात एक ते दीड लिटर, घोट घोट करत संपवायचं. मॅनिटॉल आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे पाणी आतच राहतं आणि आतडं फुगतं. नंतर दोन-चार जुलाब होतात, ते अपेक्षितच असतात. हा मुलगा अर्ध्या पाण्यावर थांबला, "आता उलटी होईल" म्हणाला. आम्ही त्याला दहा मिनिटं फिरवलं आणि उरलेलं पाजलं. या पाण्यासाठी मी हटून बसतो, कारण रिकामं आतडं मोज्यासारखं चिमटून बसतं आणि निरोगी भिंतही जाड दिसते.

फुगलेल्या लहान आतड्याची भिंत तीन मिलिमीटरपर्यंत असते. या मुलाच्या लहान आतड्याचा शेवटचा अठरा सेंटिमीटरचा भाग आठ मिलिमीटर जाड होता. त्यातच चार सेंटिमीटरचा पट्टा इतका अरुंद, की पोकळी दोऱ्यासारखी उरली होती. त्याच्या अलीकडचं आतडं मात्र 3.4 सेंटिमीटरपर्यंत फुगलं होतं. पुढे वाट अडली की मागे पाणी तुंबतं, आणि तीन सेंटिमीटरच्या वर गेलेला हा फुगवटा खऱ्या अरुंदपणाची सगळ्यात भरवशाची खूण.

वर डावीकडे आणखी एक अरुंद जागा दिसली, तेव्हा मीही क्षणभर थबकलो. पण आतड्याची हालचाल थांबवणारं इंजेक्शन देण्याआधी आम्ही काही सेकंदांची हलती चित्रं घेतो. त्यांत ती जागा उघडताना आणि मिटताना दिसली. ते नुसतं आकुंचन होतं. उजवीकडचा पट्टा सगळ्या चित्रांत जागचा हलला नाही.

पुढचा प्रश्न, ही जाडी सुजेची की व्रणाची? सुजेत पाणी असतं, त्यामुळे विशिष्ट चित्रांत भिंत उजळ दिसते, आणि तिथे औषधाला वाव असतो. जुना व्रण काळपट दिसतो आणि औषधाने तो सैलावत नाही; तिथे फुग्याने रुंद करणं किंवा शस्त्रक्रिया, असा विचार करावा लागतो. बहुतेकांत दोन्ही मिसळलेलं असतं आणि एमआरआय त्यांची नेमकी वाटणी सांगू शकत नाही. या मुलाची भिंत बरीचशी उजळ होती. रिपोर्टमध्ये मी लिहिलं: सक्रिय दाह, सोबत अरुंदपणा.

'क्रोन्स' असं मात्र ठामपणे लिहिलं नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग नेमका इथेच बसतो आणि तोही आतडं असंच जाड आणि अरुंद करतो. क्षयरोग असताना स्टिरॉइड सुरू झालं तर तो पसरू शकतो. म्हणून आधी कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासला. क्षयरोगाचा पुरावा मिळाला नाही, क्रोन्सकडे बोट दाखवणाऱ्या खुणा मिळाल्या, आणि मगच औषधं सुरू झाली. कॅप्सूल एन्डोस्कोपी कुणीतरी सुचवली होती. पण दोऱ्याएवढ्या वाटेत ती गोळी अडकली असती. सहा महिन्यांनी पुन्हा एमआर केलं, तेव्हा भिंत चार मिलिमीटरवर आली होती आणि अलीकडचा फुगवटा ओसरला होता.

तपासणीला जाताना मूत्रपिंडाचा त्रास, काचबिंदू, गर्भारपण किंवा शरीरात बसवलेला पेसमेकर, यांतलं काही असेल तर आधी सांगा. इंजेक्शननंतर काही वेळ नजर धूसर होते, म्हणून गाडी चालवत घरी जाऊ नका. आणि पोटात अचानक असह्य कळ आली, पोट फुगून उलट्या थांबेनाशा झाल्या, तर रेडिएशनच्या भीतीने सीटी नाकारू नका. आतडं फुटलंय का, हे तेव्हा काही मिनिटांत कळावं लागतं, आणि दीड लिटर पाणी पिण्याइतका वेळ हाताशी नसतो.