‘नॉट ड्रेनिंग’चं मराठी काय?

शेजारच्या काकूंच्या वॉशिंग मशीनची तक्रार मुलाने इंग्रजीत लिहून पाठवली: ‘नॉट ड्रेनिंग’. कुणीतरी मराठी केलं, ‘पाणी गळत नाही’. सर्व्हिस डेस्कला वाटणार, मग बिघाड काय?

मी काकूंना विचारून लिहिलं: ‘कपडे धुऊन झाल्यावर ड्रममधलं पाणी बाहेर जात नाही. त्या वेळी खालून घूंघूं आवाज येतो.’ हे दुसरं वाक्य मूळ तक्रारीत नव्हतं, पण तेच सर्वांत कामाचं. आवाज येतो म्हणजे पंपाला वीज मिळतेय. बहुधा फिल्टरमध्ये नाणं किंवा धागे अडकलेत. आवाजच नसेल, तर संशय पंपावर किंवा वायरिंगवर.

स्क्रीनवरच्या एरर कोडचं मात्र भाषांतर करू नका, दिसतो तसाच उतरवून द्या.