एकाचा अनंत घात एकच का नसतो?

एकाला एकाने कितीही वेळा गुणा, उत्तर एकच. पण पाया नेमका एक नसून एकाकडे सरकत असेल आणि त्याच वेळी घातांक अनंताकडे धावत असेल, तर हा हिशेब कोसळतो.

१६८३ मध्ये याकोब बर्नुली यांनी चक्रवाढ व्याजाचा असाच प्रश्न हाताळला. शंभर टक्के दराने एक रुपया ठेवला, तर वर्षाअखेर दोन होतात. सहामाही व्याज धरले तर २.२५, दरमहा धरले तर सुमारे २.६१, रोज धरले तर २.७१. रक्कम वाढते, पण कुठेतरी थबकते. कुठे?

y = (1 + 1/n)ⁿ असे लिहून दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा. घातांक खाली उतरतो: ln y = n · ln(1 + 1/n). आता 1/n ला h म्हटले की उजवी बाजू ln(1 + h)/h होते. h शून्याकडे जाताना अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे जातात, म्हणून लोपितालचा नियम लावता येतो. अंशाचे विकलन 1/(1 + h), छेदाचे 1, सीमा 1.

इथेच बरेच विद्यार्थी थांबतात आणि उत्तर एक लिहितात. पण ही सीमा ln y ची आहे. Y मिळवायला e चा तेवढा घात घ्यावाच लागतो. उत्तर e, म्हणजे सुमारे २.७१८. रोजच्या व्याजाचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे, हीच पडताळणी. दर तिप्पट केला, तर (1 + 3/n)ⁿ ची सीमा e³ येते, सुमारे २०.०९.