निरोपाची दोन पत्रं

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला कंपनीकडून दोन कागद मिळायला हवेत: रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्ती पत्र, आणि अनुभवाचा दाखला. लहान-मध्यम कारखान्यांत बरेचदा दोन्ही मिळून एकच कागद करतात, मागच्या माणसाच्या पत्रातलं नाव आणि तारखा बदलतात, साहेबांची सही घेतात आणि मोकळे होतात. पुढे दोन-तीन वर्षांनी तोच कागद कुठेतरी अडतो. तोवर ते पत्र टाइप करणारा माणूसही कंपनीत राहिलेला नसतो.

हे दोन कागद वेगळे ठेवायचे, कारण ते वाचणारे वेगळे असतात. रिलीव्हिंग लेटर बघतो तो नव्या कंपनीचा एचआर विभाग, रुजू होण्याच्या दिवशी किंवा त्याच सुमारास. त्याला एवढंच पाहायचं असतं की हा माणूस जुन्या ठिकाणाहून रीतसर मोकळा झाला आहे की नाही. अनुभवाचा दाखला मात्र पुढे कितीतरी वर्षं निघत राहतो: सरकारी भरतीचा अर्ज भरताना, पुढच्या नोकऱ्यांच्या मुलाखतींत, परदेशी जाताना. या माणसाने काय काम केलं आणि किती काळ केलं, हे तो वाचणाऱ्याला हवं असतं. कॅनडाला स्थायिक होण्यासाठी अर्ज करणाऱ्यांना तर हुद्दा आणि तारखांबरोबर कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार असं सगळं कंपनीच्या लेटरहेडवर लागतं. ‘अमुक इतकी वर्षं आमच्याकडे होते, वागणूक चांगली होती’ एवढ्यावर तिथे भागत नाही.

उदाहरणादाखल एक माणूस घेऊ. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. डिप्लोमा करून हा मुलगा १ जुलै २०१७ ला तिथे अप्रेंटिस म्हणून लागला. वर्ष संपल्यावर १ जुलै २०१८ ला त्याला क्वालिटी विभागात इन्स्पेक्टर म्हणून कायम केलं. १ एप्रिल २०२१ पासून तो सीनिअर क्वालिटी इंजिनिअर झाला. ३ फेब्रुवारी २०२५ ला त्याने राजीनामा दिला. नियुक्तीपत्रात नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर फेब्रुवारीचे पंचवीस, मार्चचे एकतीस आणि एप्रिलचे चार, म्हणजे ४ एप्रिल २०२५ हा शेवटचा दिवस. मोजणी राजीनाम्याच्या दिवसापासून की दुसऱ्या दिवसापासून, हे राजीनामा स्वीकारल्याच्या पत्रातच तारीख घालून ठरवून टाकावं, म्हणजे शेवटच्या आठवड्यात वाद होत नाही.

त्याचं रिलीव्हिंग लेटर तीन-चार वाक्यांत संपतं: ‘आपला दि. ३ फेब्रुवारी २०२५ चा राजीनामा कंपनीने स्वीकारला असून दि. ४ एप्रिल २०२५ रोजी कामकाजाची वेळ संपल्यानंतर आपणांस सीनिअर क्वालिटी इंजिनिअर या पदावरून कार्यमुक्त करण्यात येत आहे. आपल्याकडील कामाचा व कंपनीच्या वस्तूंचा ताबा आपण दिलेला आहे. आपला अंतिम हिशोब स्वतंत्रपणे पूर्ण करण्यात येईल.’

यातला ‘कामकाजाची वेळ संपल्यानंतर’ हा तुकडा अनेक जण गाळतात. तो असला की ४ तारखेचा पूर्ण दिवस जुन्या कंपनीच्या खात्यात जमा होतो आणि ५ तारखेपासून माणूस मोकळा, हे स्पष्ट राहतं. नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख आणि ही तारीख एकमेकींवर चढली, तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्याचा संशय येतो. हल्ली पडताळणी करणाऱ्या संस्था नेमकं हेच शोधत असतात. शेवटचे आठ दिवस तो शिल्लक रजेवर असेल, तर कामावर आल्याचा शेवटचा दिवस आणि कार्यमुक्तीचा दिवस निरनिराळे होतात. रजा मंजूर करून ती नोटीस पिरियडमध्ये धरली असेल, तर कार्यमुक्तीची तारीख रजा संपते ती. पत्रात तीच घालावी, आणि हजेरीपटावर व पगारपत्रकातही तीच दिसेल असं बघावं.

तिसरं वाक्यही विचार करून लिहिलेलं आहे. हिशोब व्हायच्या आधीच ‘कोणतेही येणे-देणे बाकी नाही’ असं लिहून टाकायची पद्धत वाईट आहे. लेखा विभागाने तपासलेलं नसताना एचआरने तसं लिहिलं, तर नंतर ग्रॅच्युइटीचा किंवा रजेच्या पैशांचा प्रश्न निघाला की ते वाक्य कर्मचाऱ्याच्या आड येतं. आणि लॅपटॉप परत आलेला नसेल, तर कंपनीच्या आड येतं.

अनुभवाच्या दाखल्यात खरी मेहनत आहे, आणि मला वाटतं तो घाईत लिहिणं हा माणसाच्या वर्षांवर अन्याय आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी सर्रास लिहिलं जाईल असं वाक्य बघा: ‘श्री. अमुक हे १ जुलै २०१७ ते ४ एप्रिल २०२५ या काळात आमच्याकडे सीनिअर क्वालिटी इंजिनिअर म्हणून कार्यरत होते.’ ऐकायला चांगलं वाटतं, पण ते खरं नाही. सीनिअर तो शेवटची चारच वर्षं होता. दुसरी अडचण अधिक खोल आहे. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराचा प्रॉव्हिडंट फंड कापला जात नाही, त्यामुळे त्याच्या पीएफच्या नोंदीत ही नोकरी सुरू होते १ जुलै २०१८ पासून. नव्या कंपनीने यूएएन क्रमांक घालून सेवेचा तपशील पाहिला की तिला दाखल्यात २०१७ दिसेल आणि पीएफमध्ये २०१८. एक वर्ष कुठे गेलं, असा प्रश्न विचारला जातो आणि मुलाची नियुक्ती अडकून पडते. खोटं कुणीच बोललेलं नाही, पण संशय मात्र त्याच्यावर येतो.

म्हणून टप्पे वेगळे करून लिहावेत: ‘दि. १ जुलै २०१७ ते ३० जून २०१८ या काळात ते अप्रेंटिस कायद्यान्वये उमेदवार म्हणून प्रशिक्षण घेत होते. दि. १ जुलै २०१८ पासून ते इन्स्पेक्टर या पदावर कायम सेवेत होते. दि. १ एप्रिल २०२१ पासून दि. ४ एप्रिल २०२५ पर्यंत त्यांनी सीनिअर क्वालिटी इंजिनिअर या पदावर काम केले.’ तीन वाक्यं झाली, पण आता दाखला, नियुक्तीपत्र, बढतीचं पत्र आणि पीएफ सगळं एकमेकांशी जुळतं. ग्रॅच्युइटीच्या हिशोबालाही याच तारखा लागतात. प्रशिक्षणाचं वर्ष त्यात धरलं जात नाही. कायम सेवा सहा वर्षं नऊ महिन्यांची होते आणि सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष मानला जातो, म्हणून त्याला सात वर्षांची ग्रॅच्युइटी मिळते.

यानंतर काम. इथे विशेषणं नकोत. ‘मेहनती, प्रामाणिक आणि होतकरू’ हे प्रत्येकाच्याच दाखल्यात असतं, त्यामुळे वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. त्याऐवजी असं लिहावं: ‘येणाऱ्या मालाची तपासणी, सीएमएम मशीनवर मोजमाप, गेजचं कॅलिब्रेशन वेळेत करून घेणे आणि ग्राहकाकडून आलेल्या तक्रारींचे ८डी अहवाल तयार करणे ही कामे त्यांच्याकडे होती. शेवटच्या चार वर्षांत त्यांच्या हाताखाली दोन इन्स्पेक्टर काम करीत.’ पुढच्या कंपनीतला क्वालिटीचा माणूस हे वाचतो तेव्हा त्याला लगेच कळतं की कुणाला घेतोय. ही वाक्यं एचआरला येत नाहीत, म्हणून ती त्याच्या विभागप्रमुखाकडून लिहून घ्यावीत. शेवटच्या आठवड्यात निघणाऱ्या माणसालाच कच्चा मसुदा करायला सांगितला तरी चालतं. मात्र विभागप्रमुखाने तो वाचून, पटवून घेऊनच पुढे द्यावा.

वागणुकीचं वाक्य खरं असेल तरच लिहावं. माणूस वाद होऊन गेला असेल, तर ते वाक्य गाळून फक्त काळ, हुद्दा आणि काम लिहिणं हा सभ्य मार्ग आहे. दाखला म्हणजे शिक्षेचं पत्र नव्हे. १९४६ च्या केंद्रीय नियमांतल्या नमुना स्थायी आदेशांत तर बडतर्फ झालेल्या कायम कामगारालाही सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क लिहून ठेवला होता. केलेल्या कामाचा पुरावा आणि सोडून जाण्याचं कारण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही मान्य होतं. म्हणूनच ‘नोटीस पिरियडचे पैसे भरा, मगच अनुभवाचा दाखला देऊ’ हा पवित्रा मला पटत नाही. येणं असेल तर ते हिशोबात धरा, लेखी मागा. पण आठ वर्षं काम केलं हे सत्य तारण ठेवायची वस्तू नाही.

नावाकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तीन पदरी नाव आपण लिहितो. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. नियुक्तीपत्र माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि पीएफ खातं जुन्याच नावाने, असं त्रांगडं नेहमी पाहायला मिळतं. अशा वेळी ‘पूर्वाश्रमीचं नाव अमुक’ अशी एक ओळ दाखल्यात घातली की पुढचे सगळे खुलासे वाचतात. कंपनीचंही तसंच. आधी भागीदारीत असलेला कारखाना मधल्या काळात प्रायव्हेट लिमिटेड झाला असेल, तर जुनं नाव आणि बदलाची तारीख लिहावी, नाहीतर नियुक्तीपत्रावरची कंपनी आणि दाखल्यावरची कंपनी वेगळी दिसते.

निघणाऱ्या माणसाने दोन्ही कागद गेटबाहेर पडायच्या आधी, शांतपणे बसून वाचावेत. तारखा नियुक्तीपत्राशी आणि शेवटच्या पगाराच्या स्लिपशी ताडून पाहाव्यात. कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली का, हे पुढच्या महिन्यांत बघावं. ती राहून गेली, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतःलाच ती भरता येते. भरताना रिलीव्हिंग लेटरमधलीच तारीख भरावी. अंदाजाने महिनाअखेर भरली, तर पुन्हा तोच तारखांचा गोंधळ होतो.

कंपनीच्या बाजूने शेवटचं काम दप्तराचं. लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख घालावी, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा सहीखाली छापावा, आणि संपर्कासाठी त्याचा स्वतःचा मोबाइल न देता कार्यालयाचा फोन आणि कंपनीचा ईमेल पत्ता द्यावा. पडताळणीचा फोन दोन वर्षांनीही येतो आणि तोवर सही करणारे साहेब दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात. दोन्ही पत्रांच्या सही-शिक्क्याच्या प्रती त्या कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये असल्या, की फोन उचलणारा नवा माणूसही फाइल काढून तारखा वाचून दाखवू शकतो.