बोथट सुरीचा भरवसा

"फार धार नको हं, हात कापेल." सुरीला धार लावायचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. त्याच घरात विळीची धार गेली की चार दिवसांत लावून आणतात, कारण बोथट विळीवर नारळ, भोपळा काही धड चिरला जात नाही. सुरी मात्र वर्षानुवर्षं बोथट ठेवायची आणि तिला सुरक्षित म्हणायचं. हा गैरसमज इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचा समाचार घ्यायलाच हवा.

पिकलेला टोमॅटो घ्या. धारदार सुरी सालीवर टेकवून नुसती पुढे सरकवली की आत शिरते. बोथट सुरी सालीवरून घसरते, म्हणून आपण जोर लावतो. साल अचानक फाटते किंवा पातं बाजूला निसटतं, पण हातातला जोर तसाच असतो. तो थांबेल कुठे? बहुतेक वेळा टोमॅटो धरलेल्या बोटांवर. सुरी बोथट असली तरी एवढ्या जोराने कातडी कापण्याइतकी धार तिला असतेच, आणि जखम फाटल्यासारखी वेडीवाकडी होते.

हा केवळ तर्क नाही. 2003 साली 'अप्लाइड अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात रेमंड मॅकगोरी आणि सहकाऱ्यांचा मांस कापणाऱ्या कामगारांवरचा अभ्यास आला. सुरी जितकी धारदार, तितका कापायला जोर कमी, मूठ आवळणं कमी आणि वेळही कमी लागतो, असं त्यात मोजमाप करून दाखवलं आहे. डोळ्यांतून पाणी येण्याचंही तेच. कांदा चिरताना उडणाऱ्या थेंबांचा अभ्यास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झाला, त्यात बोथट पात्याने थेंब जास्त आणि जोरात उडतात असं दिसलं.

मग हा समज टिकला कसा? आपल्या चिरण्याच्या सवयीमुळे. आपल्याकडे पुष्कळजण बटाटा हातात धरून सुरी अंगठ्याकडे ओढतात. तिथे अंगठाच पाट असतो, आणि पातं अंगठ्याला टेकतं तेव्हा ते बोथट असलेलं बरं वाटतं. या पद्धतीत धारदार सुरी धोक्याची, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय म्हणून धार घालवणं म्हणजे रोग सोडून रोग्यालाच घालवणं. भाजी पाटावर ठेवा, बोटांची टोकं आत वळवा, पात्याची बाजू बोटांच्या पेरांना टेकू द्या. सुरीला नवी धार लावल्यावर पहिले काही दिवस जपा, कारण हाताला जुन्या जोराची सवय असते.

सुरी बोथट झाली हे कळायला अंगठा धारेवरून फिरवायची गरज नाही, फिरवूही नका. दिव्याखाली पात्याची धार वर करून बघा. चांगली धार प्रकाश परत पाठवत नाही, ती दिसतच नाही. जिथे चकचकीत रेघ किंवा ठिपका दिसतो, तिथे कड चपटी झाली आहे किंवा वळली आहे. दुसरी खूण कोथिंबिरीची. चिरल्यावर पाट हिरवागार झाला आणि पानं काळवंडली, तर सुरीने पानं कापली नाहीत, चेचली. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा. पातं अडकतं तेवढीच जागा बोथट असते.

दुसरा मोठा घोटाळा रॉडचा. टीव्हीवरचे शेफ हवेत सपासप रॉड घासतात, ते बघून लोकांना वाटतं की मेलेली सुरी त्याने जिवंत होते. होत नाही. वापराने पात्याची अगदी बारीक कड एका बाजूला वळते. गुळगुळीत किंवा बारीक रेघांचा स्टीलचा रॉड मुख्यतः ती सरळ करतो, धातू काढतो तो किरकोळ. कड वळलीच नसेल, झिजून गोल झाली असेल, तर सरळ करायला तिथे काही उरलेलंच नसतं. रॉड असा वापरा: ओट्यावर जाड फडकं घालून रॉडचं टोक त्यावर उभं टेकवा. पातं सुमारे 20 अंशांत कललेलं ठेवून मुठीकडून टोकाकडे खाली ओढा. जोर लावू नका, सुरीचं वजन पुरे. प्रत्येक बाजूला आळीपाळीने चार-पाच वेळा बस. फार कडक पोलादाच्या जपानी सुऱ्यांना खरबरीत स्टीलचा रॉड लावू नका, कड तुटते. त्यांना बारीक सिरॅमिकचा रॉड किंवा दगडच बरा.

समजा, 4 सेंटीमीटर रुंद पात्याची सुरी आहे. रॉड लावला की टोमॅटो कापते आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा घसरते. आता दगड काढायची वेळ झाली. 1000 नंबरचा पाण्याचा दगड ओल्या फडक्यावर पक्का बसवा. अनेक दगड आधी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावे लागतात. खरा प्रश्न कोनाचा असतो. एक पेन्सिल सुमारे 7 मिलीमीटर जाड असते, तर सुरीची पाठ दोन पेन्सिलींच्या जाडीइतकी वर उचलली की कोन जवळजवळ 20 अंशांचा होतो. 2 सेंटीमीटर रुंद पात्याला एकच पेन्सिल. पेन्सिल फक्त अंदाजाला, घासताना काढून टाका. कोन बरोबर आहे का हे बघायला धारेवर मार्करने रेघ ओढा आणि दोनदा घासा. शाई कडेपाशी गेली नाही तर पाठ आणखी वर, फक्त कडेपाशीच गेली तर किंचित खाली.

एकाच बाजूने मुठीपासून टोकापर्यंत घासत राहा, जोवर उलट बाजूला सबंध लांबीभर बारीक बर, म्हणजे वळून आलेल्या धातूची खरखरीत कड, लागत नाही. ती बघताना बोट पाठीकडून कडेच्या बाहेर न्यायचं, कडेवरून लांबीने कधीच नाही. बर मधेच तुटक लागली, तर तेवढ्या भागावर कड अजून तयार झालेली नाही. बर आली की सुरी उलटवून दुसरी बाजू तितकीच घासा. शेवटी एकेका बाजूला हलकेच आळीपाळीने घासून बर काढा. ती राहिली तर सुरी पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी चालते आणि लगेच मरते. "दगडाने धार टिकत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा याच राहिलेल्या बरीची असते. मग पातं धुवा, नाहीतर दगडाची खर भाजीत जाईल.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ओट्याच्या ग्रॅनाइटवर घासून धार येत नाही, गुळगुळीत दगडावर धातू नीट घासला जात नाही आणि कड उलट बिघडते. कपाच्या बुडाच्या खरखरीत, चकाकी नसलेल्या कडेवर मात्र अडल्यावेळी खरंच थोडी धार येते. पाण्याच्या दगडाला तेल लागत नाही, तेलाने त्याची छिद्रं बुजतात. खाचेतून ओढायचं यंत्र वाईट नाही, पण कोन त्याचा, तुमचा नाही, आणि धातू भरपूर जातो. काचेचा पाट स्वच्छ दिसतो आणि सुरीची वाट लावतो, लाकूड किंवा प्लास्टिक वापरा. आणि सुरी हातातून सुटली तर ती पकडायला जाऊ नका. मागे सरा, पडू द्या. टोक बिघडलं तर दगडावर घासून पुन्हा नीट करता येतं.