पहिला कोर्स फसला तर?

एंडोस्कोपीच्या टेबलावर जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्याने काढतात आणि पिवळ्या जेलीच्या छोट्या डबीत टाकतात. जेलीत युरिया असतो. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असेल, तर त्याचे विकर युरियातून अमोनिया मोकळा करते आणि पिवळी जेली गुलाबी होते. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. जठरातल्या आम्लात हा जिवाणू तग धरतो तो याच अमोनियाच्या जोरावर. शिवाय तो अस्तरावरच्या चिकट श्लेष्माच्या थरात दडून बसतो. म्हणून घशाच्या संसर्गासाठी देतात तशी एखादी अँटिबायोटिक पाच दिवस घेऊन तो जात नाही.

त्याला घालवायला बहुधा निदान तीन औषधे एकत्र लागतात. वर्षानुवर्षे सर्वाधिक लिहिला गेलेला कोर्स असा: आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल किंवा तत्सम गोळी, अमॉक्सिसिलिन 1 ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन 500 मिलिग्रॅम, तिन्ही दिवसातून दोनदा, 14 दिवस. यातली आम्लाची गोळी केवळ जळजळ थांबवायला नसते. तीव्र आम्लात क्लॅरिथ्रोमायसिन टिकत नाही, आणि अमॉक्सिसिलिन विभागणी चालू असलेल्या जिवाणूंनाच मारते. आम्ल उतरले की जिवाणू विभागू लागतो आणि औषधाच्या तावडीत सापडतो. म्हणूनच ही गोळी जेवणाआधी अर्धा तास, सकाळ-संध्याकाळ, न चुकता घ्यायची असते. ‘पित्त होत नाही, मग कशाला घ्यायची?’ म्हणून अनेक जण नेमकी तीच गाळतात.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीतला दुकानदार, लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर, जेली गुलाबी. वरचा कोर्स सुरू झाला. तिसऱ्या दिवसापासून तोंड कडू झाले, जणू तांब्याचे नाणे चघळतोय. ही क्लॅरिथ्रोमायसिनची ओळखीची खूण. पाचव्या दिवशी दोन-तीन पातळ जुलाब झाले, सहाव्या दिवशी पोटही बरे वाटू लागले आणि गोळ्या बंद पडल्या. जळजळ थांबली ती आम्लाच्या गोळीमुळे. जिवाणू होता तिथेच होता, आणि त्यातले औषधाला दाद न देणारे तेवढे जगले. तोंडाची चव आणि सौम्य जुलाब ही कोर्स सोडण्याची कारणे नव्हेत. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, धाप, शौचातून रक्त किंवा थांबतच नाहीत असे जुलाब दिसले, तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्याने ते आधीच सांगायला हवे, कारण क्लॅरिथ्रोमायसिनमुळे त्या गोळीचे रक्तातले प्रमाण वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते.

जिवाणू गेला की नाही, हे बरे वाटण्यावरून ठरत नाही. अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातील अँटिजेनची चाचणी करतात. त्याआधीचे दोन आठवडे पँटोप्राझोलसारखी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. रक्तातली अँटिबॉडी तपासून इथे काहीच कळत नाही. जिवाणू गेल्यावरही ती बराच काळ ‘पॉझिटिव्ह’ राहते. तरीही ही चाचणी सर्रास केली जाते आणि लोक विनाकारण पुन्हा औषधे घेतात.

दुकानदाराची चाचणी पॉझिटिव्ह आली. आता सर्वांत सोपी, आणि सर्वांत चुकीची गोष्ट म्हणजे तोच कोर्स पुन्हा घेणे. क्लॅरिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमवर ठरावीक जागी चिकटते. त्या जागेच्या जनुकात एक अक्षर बदलले की औषध चिकटेनासे होते, आणि मग डोस दुप्पट केला तरी उपयोग नसतो. लेव्होफ्लॉक्सासिनचेही जवळपास तसेच आहे. मेट्रोनिडाझोलची तऱ्हा वेगळी: प्रयोगशाळेत त्याला जुमानत नाही असे दिसलेला जिवाणूसुद्धा पुरेसा डोस, बिस्मथची जोड आणि पूर्ण 14 दिवस मिळाले तर बऱ्याचदा मरतो. भारतासाठी ही मोठीच सोय आहे. जुलाब लागले की इथे मेट्रोनिडाझोल घरोघरी घेतले जाते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक शहरांतल्या एका अभ्यासात सुमारे 78 टक्के नमुने त्याला दाद देत नव्हते.

म्हणून दुसरी फेरी बहुधा बिस्मथच्या चार औषधांची असते: आम्लाची गोळी दोनदा, बिस्मथ चार वेळा, टेट्रासायक्लिन 500 मिलिग्रॅम चार वेळा आणि मेट्रोनिडाझोल दिवसभरात दीड ते दोन ग्रॅम. यातले बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल हे त्रिकूट सिडनीच्या टॉम बोरोडी यांनी 1980च्या दशकातच वापरले होते. मध्यंतरी सुटसुटीत कोर्सपुढे ते मागे पडले. आता क्लॅरिथ्रोमायसिन निकामी होत चालल्याने अमेरिकेच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीच चौकडी पहिल्या फेरीसाठीही पुढे आहे.

रोज चौदाएक गोळ्या म्हणजे दोन आठवड्यांत जवळजवळ दोनशे. शौच आणि जीभ काळी पडते; ते बिस्मथमुळे, आणि त्यात धोका नाही. मात्र डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे काळे शौच आणि सोबत चक्कर असेल तर तो रक्तस्राव समजून रुग्णालय गाठावे. मेट्रोनिडाझोलने लघवी गडद होते, मळमळते. त्या दिवसांत दारू बंद. टेट्रासायक्लिन दूध, दही, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतले तर पोटातच अडकते. त्याने उन्हाने त्वचा भाजल्यासारखी होते, आणि गर्भवतींना व लहान मुलांना ते देत नाहीत. बऱ्याच केमिस्टकडे टेट्रासायक्लिन नसते आणि ‘तेच आहे’ म्हणून डॉक्सिसायक्लिन हातात ठेवले जाते. इथे ते तेच नाही. त्याने जिवाणू जाण्याचे प्रमाण घटते. चिठ्ठीवर असलेले औषध दुसऱ्या दुकानात शोधावे किंवा डॉक्टरांना फोन करावा.

दुकानदाराला यावेळी कोणती गोळी कशासाठी, हे कागदावर लिहून मिळाले, काळ्या शौचाची आगाऊ कल्पना होती आणि त्याने चौदा दिवस काढले. महिन्याभरानंतरची श्वासाची चाचणी निगेटिव्ह आली. सगळ्यांचेच असे होत नाही. दुसरी फेरीही फसली तर शक्य तिथे जठराचा तुकडा घेऊन जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो ते तपासतात. मग अमॉक्सिसिलिन दिवसातून तीन-चार वेळा आणि सोबत जोरकस आम्लरोधक, किंवा जिवाणू दाद देत असेल तर लेव्होफ्लॉक्सासिन असे पर्याय उरतात. रिफाब्युटिन हे औषधही आहे, पण ते क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनचे भावंड. क्षयाच्या या देशात ते जपून, शेवटीच काढलेले बरे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचे नुसते ऐकून माहीत असेल तर तिची खातरजमा करून घ्यावी, कारण अनेकांना ती नसतेच आणि अमॉक्सिसिलिन उगाच हातचे जाते.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जाताना पहिल्या कोर्सची चिठ्ठी किंवा गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत, आणि किती दिवस घेतल्या व कोणत्या चुकल्या हे खरे सांगावे. पुढचे औषध त्यावरूनच ठरते.